१६० की १६२? बोलिंगच्या एका डावाचा फेरहिशेब

मी बेळगावात खडेबाजारातल्या एका कापड दुकानाचे हिशेब लिहितो. त्यामुळे घरात कुठेही बेरजेवरून वाद झाला की वही माझ्याकडे येते. दिवाळीच्या सुट्टीत आलेला हा वाद दोन गुणांचा होता. पण त्या दोन गुणांमागे टेनपिन बोलिंगची गुणपद्धत जिथे हमखास चुकते, ती जागाच सापडली. म्हणून प्रकरण सविस्तर मांडतो.

माझे दाजी निपाणीचे, तंबाखूच्या व्यापारातले. बहीण, दाजी आणि भाची सुट्टीला आमच्याकडे शहापुरात आले होते. आमच्या भागात बोलिंग काही गल्लीगल्लीत नाही, त्यामुळे मुलांच्या हट्टापायी गाडी काढून एका गेम झोनमध्ये गेलो. दाजींनी मागे कधीतरी १६१ गुण केले होते. मशीनमधून निघालेली त्या डावाची पट्टी त्यांच्या निपाणीच्या घरी फ्रिजवर अजून चिकटवलेली आहे. घरातला तोच सर्वांत मोठा आकडा. या वेळी डाव माझा मुलगा आणि भाची या दोघांतच होता. मुलगा दहावीत, भाची इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला.

दोन-दोन फ्रेम झाल्या आणि लेनवरचा गुण दाखवणारा पडदा काळा पडला. पिना उचलणारं, मांडणारं यंत्र चालू होतं, बॉल परत येत होते, फक्त गुण दिसेनात. तिथल्या पोऱ्यानं कोरा कागद आणि पेन आणून दिलं. दाजी म्हणाले, "द्या इकडं, मी लिहितो की." मीही सवयीनं खिशातली वही काढली. पण मी गुण मांडले नाहीत. कोणत्या बॉलला किती पिना पडल्या, एवढंच टिपत गेलो. दाजी प्रत्येक फ्रेमची बेरीज जागच्या जागी करत होते.

डाव संपला तेव्हा दाजींच्या कागदावर मुलाचे १४० आणि भाचीचे १६० होते. म्हणजे विक्रम एका गुणानं हुकला. गाडीत बसल्यावर भाची म्हणाली, "मामा, तीन स्ट्राइक लागोपाठ पडले की ३० मिळतात, असं हॉस्टेलच्या पोरी म्हणतात. पप्पांनी २० का लिहिलंय?" घरी आल्यावर कुंद्याचा डबा मधे ठेवून आम्ही वही उघडली. माझ्या वहीत हे होतं:

```
भाची  : ७/  ८-  X  X  X  ६३  ९/  ४/  F८  X७/
मुलगा : X  ७२  X  ८१  X  ९-  X  ७२  X  ९-
```

खुणा पडद्यावर दिसतात त्याच आहेत. डावात दहा फ्रेम असतात. प्रत्येक फ्रेममध्ये दहा पिना आणि त्या पाडायला दोन बॉल. पहिल्याच बॉलला दहाही पडल्या तर तो स्ट्राइक, त्याची खूण फुली. मग त्या फ्रेममध्ये दुसरा बॉल टाकायचा नसतो. पहिल्या बॉलला राहिलेल्या सगळ्या दुसऱ्यानं पाडल्या तर स्पेअर, त्याची खूण तिरकी रेघ. आडवी रेघ म्हणजे त्या बॉलला काही पडलं नाही. F म्हणजे फाऊल, त्याचं पुढे सांगतो. दोन्ही बॉल टाकूनही पिन उभी राहिली तर ती ओपन फ्रेम. जेवढ्या पडल्या तेवढेच गुण, हिशेब तिथेच मिटला.

स्ट्राइक आणि स्पेअरचा हिशेब मात्र त्या फ्रेममध्ये मिटत नाही. स्पेअर झाला की १० गुण आणि त्यापुढच्या एका बॉलला पडलेल्या पिना. स्ट्राइक झाला की १० गुण आणि त्यापुढच्या दोन बॉलला पडलेल्या पिना. नियम इतकाच. यात "पुढची फ्रेम" हा शब्द कुठेच नाही, "पुढचा बॉल" आहे. दाजींचा कागद नेमका इथेच घसरला होता.

आमच्या धंद्यात हे समजायला सोपं जातं. दुकानात आधी कीर्द लिहायची, त्यावरून खतावणी करायची. कीर्दीत नोंद एकदाच, जशी घडली तशी. खतावणीत तीच नोंद ज्या ज्या खात्याला लागते तिथे जाते. बोलिंगमध्ये पडलेल्या पिना ही कीर्द आणि फ्रेमचे गुण ही खतावणी. एक बॉल आपल्या फ्रेममध्ये तर मोजला जातोच, पण मागे उघड्या राहिलेल्या खात्यांतही जातो. मागे स्पेअर असेल तर एका, लागोपाठ दोन स्ट्राइक असतील तर दोन जास्तीच्या खात्यांत. स्ट्राइक पडला की ते घर कोरं ठेवायचं आणि दोन बॉल होईपर्यंत थांबायचं. मशीनचा पडदाही तेच करतो. स्ट्राइकनंतर लगेच आकडा येत नाही, तेव्हा बरेच जण मशीन अडकलं असं समजतात.

आता दाजी चुकले कसे? हिशेबात ते कच्चे नाहीत, आणि लबाडी त्यांच्या स्वभावात नाही. पडदा बंद पडायच्या आधी त्यांनी दोन गोष्टी पाहिल्या होत्या. मुलानं पहिल्या फ्रेममध्ये स्ट्राइक मारला, दुसऱ्यात ७ आणि २ पाडल्या. पडद्यावर पहिल्या फ्रेमचे १९ आले. भाचीनं पहिल्या फ्रेममध्ये स्पेअर केला, दुसऱ्यात ८ आणि शून्य. पडद्यावर १८ आले. दाजींनी त्यावरून नियम बांधला: स्ट्राइक असो की स्पेअर, १० मध्ये पुढच्या फ्रेमचे सगळे गुण मिळवायचे. दोन्ही उदाहरणांना हा नियम चपखल बसतो! मुलाच्या स्ट्राइकनंतरचे दोन बॉल योगायोगानं एकाच फ्रेममधले होते. भाचीच्या स्पेअरनंतर मोजायचा एकच बॉल, आठाचा. पण त्या फ्रेमचा दुसरा बॉल शून्य असल्यानं एक मोजा की दोन, उत्तर तेच. खोटा नियम उघडा पडावा अशी फ्रेम त्या चारांत आलीच नव्हती. पुढे मुलाचा अख्खा डावही तसाच गेला. प्रत्येक स्ट्राइकनंतर ओपन फ्रेम, म्हणून दर दोन फ्रेमला १९ आणि ९ मिळून २८, पाच वेळा २८ म्हणजे १४०. दाजींच्या नियमानं १४०, खऱ्या नियमानंही १४०. मुलाचं बरोबर आलं म्हणून भाचीचंही बरोबर असणार, असं सगळ्यांना वाटलं.

भाचीचा डाव मात्र वेगळ्या वळणाचा. आम्ही दोन ओळी एकाखाली एक मांडल्या, प्रत्येक फ्रेमअखेरची एकूण बेरीज:

```
दाजी : १८ २६ ४६ ६६ ८५ ९४ ११४ १३२ १४० १६०
मी   : १८ २६ ५६ ८२ १०१ ११० १२४ १३४ १४२ १६२
```

पहिल्या दोन फ्रेमला मतभेद नाही. तिसरीपासून पाहा. तिसऱ्या फ्रेममध्ये स्ट्राइक. त्यापुढचा पहिला बॉल चौथ्या फ्रेमचा स्ट्राइक, म्हणजे १०. चौथी फ्रेम एका बॉलात संपली, म्हणून त्यापुढचा दुसरा बॉल पाचव्या फ्रेममध्ये जाऊन शोधायचा. तोही स्ट्राइक, १०. एकूण ३०. दाजींनी फक्त चौथ्या फ्रेमचे १० घेतले आणि २० लिहिले. लागोपाठ दोन स्ट्राइक पडले की हे होतंच, दुसरा बॉल दोन घरं पुढे असतो आणि तो निसटतो.

चौथ्या फ्रेमचा स्ट्राइक: पुढचे दोन बॉल म्हणजे पाचवीचे १० आणि सहावीच्या पहिल्या बॉलचे ६, एकूण २६. इथेही दाजींचे २०. पाचवीचा स्ट्राइक: पुढचे दोन बॉल ६ आणि ३, दोन्ही सहाव्या फ्रेमचे, म्हणून १९. हा दोघांचा जुळला, कारण पुढची फ्रेम ओपन होती. तो सहाचा बॉल तेवढा लक्षात ठेवा. सहाव्या फ्रेममध्ये तो मोजला, पाचव्यात मोजला आणि चौथ्यातही. पिना सहा पडल्या, गुण अठरा दिले.

सहावी फ्रेम साधी, ९. आतापर्यंत दाजींचा कागद भाचीला १६ गुणांनी मागे ठेवत होता. पुढच्या दोन फ्रेममध्ये तोच कागद तिला फुकटचे गुण देतो.

सातव्या फ्रेममध्ये ९ आणि मग स्पेअर. आठव्या फ्रेमचा पहिला बॉल ४, म्हणून सातवीचे १४. दाजींनी आठव्या फ्रेमचे पूर्ण १० घेतले आणि २० लिहिले. खरं तर इथे नुसत्या नजरेनं चूक पकडता आली असती. स्पेअरच्या घरात २० फक्त एकाच वेळी येतात, लगेच पुढचा बॉल स्ट्राइक असेल तेव्हा. सातव्या घरात २० आणि त्याच्या शेजारी फुली नाही, म्हणजे आकडा चुकलाच. तिसऱ्या घराचंही तसंच: लागोपाठच्या तीन फुल्यांतल्या पहिलीखाली ३० शिवाय दुसरा आकडा येऊच शकत नाही.

आठव्या फ्रेमवर सगळ्यात जास्त बोलणं झालं. भाचीनं ४ पाडून मग उरलेल्या सहाही पाडल्या, सुंदर स्पेअर. नवव्या फ्रेमच्या पहिल्या बॉलला तिनं जोर लावला, सहा पिना पडल्या आणि ती स्वतःच मागे वळून म्हणाली, "मामा, पाय पलीकडं गेला." बॉल सोडताना फाऊल लाइन ओलांडली होती. कुणी पाहिलं नव्हतं, तिथलं यंत्रही काही बोललं नाही. फाऊल झाला की तो बॉल टाकला असं धरायचं, पण त्याला पडलेल्या पिना शून्य. पिना पुन्हा दहाच्या दहा मांडायच्या आणि फ्रेमचा दुसरा बॉल टाकायचा. पोऱ्याला सांगून पिना नव्यानं मांडून घेतल्या, दुसऱ्या बॉलला आठ पडल्या. (दहा पडल्या असत्या तरी तो स्ट्राइक झाला नसता, स्पेअरच, कारण तो फ्रेमचा दुसरा बॉल.)

आता आठव्या स्पेअरचा बोनस किती? दाजी म्हणाले, "फाऊलचा बॉल बाद की, मग खरा बॉल आठाचा. १८ द्या." मुलगा म्हणाला, "पिना तर सहा पडल्या होत्या, १६ तरी द्या ताईला." दोन्ही पटण्यासारखं वाटतं, दोन्ही चूक. फाऊलचा बॉल बाद होत नाही, तो शून्याचा बॉल होतो. स्पेअरपुढचा एक बॉल म्हणजे तोच, म्हणून बोनस शून्य आणि आठव्या फ्रेमचे १० च. पाय दोन बोटं पुढे गेल्याची किंमत दोन खात्यांत पडली. भाचीनं यावर एक शब्दही काढला नाही. स्वतः सांगितलेला फाऊल होता तो. मला तिचं फार कौतुक वाटलं, आणि ते इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

नवव्या फ्रेमचे ८, एकूण १४२.

दहावी फ्रेम वेगळी असते, कारण तिच्यानंतर उधारी वसूल करायला पुढची फ्रेमच नाही. म्हणून दहाव्या फ्रेममध्ये स्ट्राइक पडला तर आणखी दोन बॉल, स्पेअर झाला तर आणखी एक बॉल तिथेच टाकायला देतात. ते फक्त त्या स्ट्राइकचा किंवा स्पेअरचा बोनस भरण्यासाठी असतात, त्यांना स्वतःचा बोनस नाही. भाचीनं स्ट्राइक मारला. पुढच्या बॉलला सात पडल्या, उजव्या कोपऱ्यातल्या ६, ९ आणि १० नंबरच्या पिना उभ्या राहिल्या. साठ फुटांवरच्या त्या तीन पिनांकडे ती बराच वेळ बघत होती. शेवटचा बॉल उजव्या गटरच्या कडेकडेनं गेला आणि तिन्ही घेऊन गेला. आम्ही सगळे उभे राहून ओरडलो. दहावीचे गुण १०, ७ आणि ३, म्हणजे २०. तो शेवटचा तिघांचा स्पेअर वहीत तिरक्या रेघेनं लिहिला तरी त्याचा वेगळा बोनस धरायचा नाही. दाजींनी इथे २० च लिहिले होते, बरोबर. मुलाच्या दहाव्या फ्रेममध्ये ९ आणि शून्य, ओपन, म्हणून त्याला जादा बॉल मिळाला नाही.

एकूण १६२.

दाजींचा कागद तिसऱ्या-चौथ्या फ्रेममध्ये १० आणि ६ कमी देत होता, सातव्या-आठव्यात ६ आणि ८ जास्त. सोळा उणे, चौदा अधिक, फरक फक्त दोनाचा. एकूण आकडा खऱ्याच्या इतका जवळ आला की कुणाला शंका आली नाही. दुकानातही मला मोठ्या फरकापेक्षा असल्या लहान फरकाची धास्ती जास्त. मोठा फरक डोळ्यांत भरतो. लहान फरकामागे चार चुका एकमेकींना झाकून बसलेल्या असू शकतात.

पडताळा घ्यायची दुसरी वाटही मी दाजींना दाखवली. दहा फ्रेममध्ये पडलेल्या पिना आधी मोजायच्या, बोनस वेगळा काढायचा. भाचीच्या पिना १०, ८, १०, १०, १०, ९, १०, १०, ८ आणि दहाव्या फ्रेममध्ये स्ट्राइकच्या १०, मिळून ९५. बोनस पहिल्या फ्रेमला ८, तिसरीला २०, चौथीला १६, पाचवीला ९, सातवीला ४, आठवीला शून्य, दहावीला १०, मिळून ६७. पंच्याण्णव आणि सदुसष्ट, १६२. ताळा जुळला.

मुलगा इथे अडला. "बाबा, माझ्या पण ९५ च होतात!" खरंच होत्या. पाच स्ट्राइकच्या ५० आणि पाच ओपन फ्रेमच्या ४५. शिवाय त्याचे स्ट्राइक पाच, ताईचे चारच. मग तो बावीस गुणांनी मागे कसा? त्याचा बोनस मोजला: प्रत्येक स्ट्राइकमागे ९, पाच वेळा, ४५ फक्त. त्याचा प्रत्येक स्ट्राइक एकटा पडला होता. स्ट्राइकची खरी कमाई शेजारच्या स्ट्राइकवर असते.

त्याला पटेना, म्हणून त्याचेच बॉल नुसते क्रम बदलून मांडले. पाचही स्ट्राइक पहिल्या पाच फ्रेममध्ये, मग ओपन फ्रेम होत्या त्याच क्रमानं. पहिल्या तीन फ्रेमला ३०-३०-३०. चौथीला १०, पाचवीचे १० आणि सहावीच्या पहिल्या बॉलचे ७, म्हणजे २७. पाचवीला १०, ७ आणि २, म्हणजे १९. झाले १३६, अधिक ओपनचे ४५, एकूण १८१. एकही पिन जास्त पडली नाही आणि १४० चे १८१ झाले. पोरगं बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसलं.

आंतरराष्ट्रीय संघटनेनं काही स्पर्धांत एक सोपी पद्धतही वापरली आहे. तिच्यात स्ट्राइकला सरळ ३०, स्पेअरला १० आणि त्याच फ्रेमच्या पहिल्या बॉलच्या पिना, पुढचं काही बघायचं नाही, दहाव्या फ्रेमला जादा बॉल नाहीत. त्या पद्धतीनं दोघांचे गुण काढले. मुलाचे पाच तीस १५० आणि ४५, म्हणजे १९५. भाचीचे १७, ८, ३०, ३०, ३०, ९, १९, १४, ८, ३०. तेही १९५! मुलगा लगेच म्हणाला, हीच पद्धत घ्या. पण गेम झोनच्या पडद्यावर आमच्यासारख्यांना मिळते ती जुनीच, आणि दाजींचे १६१ ही जुन्याच पद्धतीचे. तुलना करायची तर मापही तेच हवं. माझ्या मते लागोपाठ स्ट्राइकला जास्त मोल देणं ही जुन्या पद्धतीची जान आहे. सोप्या पद्धतीत सहाचा बॉल सहाच देतो, मागचं काही उघडं राहत नाही, मग सहाव्या फ्रेमला श्वास कशाला रोखायचा?

पडदा पुन्हा कधी बंद पडला तर काय करायचं, हे आम्ही त्या रात्रीच ठरवलं. खेळताना बेरीज करायची नाही. प्रत्येक फ्रेमच्या घरात वर दोन लहान चौकोन, त्यांत बॉलगणिक पिना, आणि खाली रिकामी जागा. स्ट्राइकच्या घराखाली पेन्सिलीनं दोन ठिपके, स्पेअरखाली एक. बॉल पडत जाईल तसा मागचा एकेक ठिपका खोडायचा. ठिपके संपले की मगच त्या घरात आकडा. लागोपाठ दोन स्ट्राइक झाले की एका बॉलला दोन घरांतला एकेक ठिपका खोडावा लागतो, आणि विसरायची जागा हीच आहे, हे भाचीनं लगेच ओळखलं.

दाजींनी त्यांचा कागद मागून घेतला. तिसऱ्या घरापासून एकेक आकडा त्यांनी स्वतः खोडला, शेजारी नवा लिहिला, मोठ्यानं म्हणत: "तीस... सव्वीस... एकोणीस..." आठव्या घरापाशी थांबून भाचीकडे बघितलं आणि दहा लिहिले. तळाशी १६२ लिहून खाली तारीख घातली. त्या कागदाची घडी त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली. निपाणीला पोचल्यावर बहिणीचा फोन आला, पट्टीच्या वरच लावलाय म्हणाली.